पावसाळ्यात चुकणारे मॉडेल: चाचणीत सरस ठरलेले नवे मॉडेल प्रत्यक्षात मागे का पडले?

मुलुंडकर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मुंबईत औषधे घरपोच देणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो. भांडुप, कुर्ला, अंधेरी आणि परळ येथे आमची गोदामे आहेत. ग्राहकाने ऑर्डर दिली की ती किती मिनिटांत पोहोचेल हे आमचे मॉडेल सांगते, आणि तीच वेळ ॲपवर वचन म्हणून दिसते. इन्सुलिन किंवा लहान मुलांच्या तापाचे औषध मागवलेला माणूस त्या आकड्यावर विसंबून असतो, त्यामुळे ही चूक मला मनापासून लागते.

सध्याचे मॉडेल नोव्हेंबर ते मे या काळातील ऑर्डरींवर शिकवले होते आणि तेव्हा त्याची सरासरी चूक सहा मिनिटांची होती. जूनच्या मध्यापासून पावसाच्या दिवशी ती अकरा-बारा मिनिटांवर गेली. त्याच सुमारास पावसाच्या फीचरचा, म्हणजे मॉडेलला दिल्या जाणाऱ्या पावसाच्या आकड्याचा, पीएसआय १.३ झाल्याचा इशारा रोज सकाळी येऊ लागला; शिकवतानाच्या आणि आताच्या आकड्यांची विभागणी किती वेगळी झाली हे पीएसआय सांगतो. म्हणून आम्ही जूनच्या ऑर्डरी घेऊन मॉडेल रिट्रेन केले. शॅडोमध्ये, म्हणजे त्याचा आकडा ग्राहकाला न दाखवता, आठवडाभर चालवले, तेव्हा चूक सात मिनिटांवर आली. सगळे समाधानी होते. गेल्या गुरुवारी कॅनरी सुरू केली, म्हणजे फक्त दहा टक्के ऑर्डरी नव्या मॉडेलकडे वळवल्या. संध्याकाळी सहाला चूक आठ मिनिटे दिसत होती, पण शुक्रवारी सकाळी गुरुवारचा पूर्ण हिशेब आला तेव्हा ती तेरा निघाली. त्याच दिवशी जुन्या मॉडेलची चूक बारा होती. आम्ही रोलबॅक करून जुने मॉडेल परत आणले.

शॅडोमध्ये सात आणि प्रत्यक्षात तेरा, हा फरक कुठून आला असेल? आणि पीएसआयच्या इशाऱ्यावर रिट्रेन करणे हीच मुळात चूक होती का?

शून्यान्तर (सोमवार, रात्री १०:०५)

पीएसआय ०.२५ च्या वर गेला की मॉडेल पुन्हा बांधायचे, हा कर्जाच्या स्कोअरकार्डांमधला जुना आणि पक्का संकेत आहे. तुमचा आकडा त्याच्या पाचपट आहे. माझ्या मते चूक रिट्रेन करण्यात नसून उशिरा करण्यात झाली. पावसाळ्यात परिस्थिती दर आठवड्याला बदलते, तेव्हा रिट्रेन दर रविवारी आपोआप व्हायला हवे. तुमचे नवे मॉडेल गुरुवारपर्यंत शिळे झाले असणार.

मंदाकिनी (सोमवार, रात्री ११:२०)

शून्यान्तर यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. चूक सहावरून बारावर गेली होती, म्हणजे काहीतरी करणे भागच होते. पण ते पीएसआयमुळे कळले असे म्हणता येणार नाही. तो १.३ कसा आला ते पाहा. उन्हाळ्यापर्यंतच्या काळात समजा शंभरातील ९८ ऑर्डरींच्या वेळी पाऊस शून्य होता आणि दोन ऑर्डरींच्या वेळी काही पाऊस होता. जूनमध्ये तेच प्रमाण ६० आणि ४० झाले. आता दोनच कप्पे धरून हिशेब करा:

```
(0.60 - 0.98) * ln(0.60 / 0.98) = 0.19
(0.40 - 0.02) * ln(0.40 / 0.02) = 1.14
PSI = 1.33
```

हा आकडा एवढेच सांगतो की मुंबईत पावसाळा सुरू झाला. तो दर जूनमध्ये येणार आणि मॉडेल उत्तम असले तरी येणार. तुलना मे महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या जूनशी केली, तर हा इशारा बहुधा वाजणारही नाही. आणि मग ज्या दिवशी वाजेल त्या दिवशी तो पाहण्याजोगा असेल. रोज वाजणारा इशारा माणसे आठवड्याभरात बंद करतात, हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलुंडकर, आता मूळ प्रश्नाकडे येते. मला दोन गोष्टी सांगा. नवे मॉडेल शॅडोमध्ये होते म्हणजे नेमके कुठे चालत होते? ग्राहकाची ऑर्डर येताच जुन्याच्या शेजारी तेही त्याच क्षणी उत्तर देत होते, की रात्री साठवलेल्या तक्त्यांवरून दिवसभराच्या ऑर्डरी त्याच्यापुढे मांडल्या जात होत्या? दुसरे, पावसाचा आकडा कोणत्या वेळेचा असतो?

हप्तेबंद (मंगळवार, सकाळी ८:१५)

प्रत्यक्ष निकाल हाती नसताना मॉडेलवर लक्ष कसे ठेवावे, असा प्रश्न दिसतो, म्हणून आमचा अनुभव लिहितो. मी कर्जाच्या मॉडेलांवर काम करतो. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते बुडीत वर्गात जाते, त्यामुळे आज दिलेल्या कर्जाबद्दल मॉडेल चुकले की नाही हे कळायला काही महिने जातात. तोपर्यंत आम्ही मॉडेलने दिलेल्या गुणांची विभागणी रोज पाहतो, आणि पहिलाच हप्ता चुकवणाऱ्यांचे प्रमाण हे लवकर हाती येणारे लक्षण म्हणून धरतो. पीएसआय आमच्याकडे उपयोगी पडतो, कारण त्याहून चांगले काही हातात नसते.

मुलुंडकर (मंगळवार, सकाळी ९:३०)

हप्तेबंद साहेब, आभार. आमच्याकडे निकाल तासा-दोन तासांत कळतो, त्यामुळे अडचण थोडी वेगळी आहे. पण तुमच्या लिहिण्यावरून हेही उमगले की निकाल इतक्या लवकर मिळत असताना आम्ही पीएसआयला अकारण पहिले स्थान दिले होते.

मंदाकिनीताई, शॅडो रात्री दोन वाजता चालत असे. दिवसभराच्या ऑर्डरी डेटा वेअरहाऊसमधून काढून नवे मॉडेल त्यांवर अंदाज देई आणि सकाळी आम्ही तुलना पाहत असू. चालू सर्व्हरवर भार नको म्हणून तसे केले होते. पावसाचा तक्ता तासाचा आहे आणि तो ऑर्डरीला असा जोडला जातो:

```
JOIN rain_hourly r
  ON r.zone = o.zone
 AND r.hour_start = date_trunc('hour', o.created_at)
```

मंदाकिनी (मंगळवार, दुपारी १:१०)

मग चूक इथेच असण्याची दाट शक्यता आहे. दुपारी २:१० ला आलेली ऑर्डर घ्या. या जोडणीने तिला दोन ते तीन या संपूर्ण तासाचा पाऊस मिळतो, म्हणजे ऑर्डर दिल्यानंतरची पन्नास मिनिटेही त्यात आली. २:५० ला कोसळलेली सर मॉडेलला २:१० लाच ठाऊक होती. शिकतानाही ठाऊक होती आणि रात्रीच्या त्या चाचणीतही ठाऊक होती, म्हणून दोन्हीकडे ते हुशार दिसले. प्रत्यक्षात २:१० ला सर्व्हरकडे फार तर एक ते दोनचा आकडा असतो, आणि तो यायलाही काही मिनिटे लागतात.

रात्री तक्त्यांवरून चालवलेली चाचणी ही शॅडो नव्हे. तिला फार तर उजळणी म्हणता येईल. शॅडोचा खरा उपयोग हाच की नव्या मॉडेलला तेवढेच दिसते, जेवढे त्या क्षणी खरोखर उपलब्ध असते. भार वाढेल ही भीती रास्त आहे, पण नव्या मॉडेलला दिलेली विनंती उत्तराची वाट न पाहता बाजूला सोडून देता येते, आणि शंभरातील वीस ऑर्डरी जरी तशा पाठवल्या तरी पुरे होते.

तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मॉडेलला प्रत्यक्ष दिलेली फीचरे साठवली जातात का? जात असतील तर वेअरहाऊसमधले मूल्य आणि लॉगमधले मूल्य एकाच ऑर्डरीसाठी शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

सांताक्रूझवासी (मंगळवार, दुपारी ४:४५)

मी या क्षेत्रातला नाही, पण पावसाबद्दल एक सांगावेसे वाटते. तुमचा पाऊस मोजला कुठे जातो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. त्या रात्री मी कलिन्यात कमरेइतक्या पाण्यात होतो, आणि दक्षिण मुंबईतल्या माझ्या भावाला फोनवर माझे म्हणणे पटत नव्हते. एका आकड्याला ‘मुंबईचा पाऊस’ म्हणणे मला तेव्हापासून जमत नाही.

शिवाय अंधेरी सबवे आणि मिलन सबवे नुसत्या पावसाने बंद होत नाहीत. पावसाच्या जोरालाच भरती मोठी असली तर समुद्र पाणी घेत नाही आणि तुंबलेले पाणी उतरायला वेळ लागतो. तोच पाऊस ओहोटीला पडला तर रस्ता लवकर मोकळा होतो.

मुलुंडकर (बुधवार, रात्री १०:३०)

ताई, तुमचे निदान बरोबर निघाले. लॉगमध्ये फीचरे होती. गुरुवारच्या कॅनरीतल्या ऑर्डरी घेऊन दोन्ही मूल्ये शेजारी मांडली. पहिलीच ओळ पाहून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. विक्रोळीची ऑर्डर, वेळ २:१२, भांडुपच्या गोदामातून. वेअरहाऊसच्या तक्त्यात पाऊस ३१ मिलिमीटर, आणि मॉडेलला प्रत्यक्ष मिळालेला आकडा ०.५. मॉडेलने ३४ मिनिटे सांगितली, पोहोचायला ७१ लागली. रात्रीच्या तक्त्यावर त्याच मॉडेलने त्याच ऑर्डरीला ६५ सांगितले असते.

पाऊस पडलेल्या तासांतल्या ऑर्डरींपैकी दहातल्या चारांमध्ये दोन आकड्यांत पाच मिलिमीटरहून अधिक तफावत होती. कोरड्या तासांत दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते, म्हणून मे महिन्यापर्यंत हा दोष कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. जुन्या मॉडेलने पाऊस जवळजवळ पाहिलाच नव्हता, त्यामुळे ते त्या फीचरकडे फारसे लक्ष देत नाही आणि चुकीच्या आकड्याने बहकतही नाही. नव्याने मात्र पावसाला सर्वांत जास्त वजन दिले, कारण शिकताना त्याला उद्याचा पेपर आधीच मिळत होता.

सांताक्रूझवासी, तुमचे म्हणणे मी टिपून ठेवले आहे. आमचे झोन गोदामानुसार आहेत, पण परळ आणि कुर्ला या दोन झोनांना एकाच केंद्राचा आकडा जातो असे आज लक्षात आले.

शून्यान्तर (बुधवार, रात्री ११:००)

जोडणीतला दोष मान्य. दर रविवारी आपोआप रिट्रेन केले असते तर हाच दोष दर रविवारी नव्याने पुढे गेला असता, हेही मान्य करतो. तरीही एक गोष्ट सुटत नाही. संध्याकाळी सहाला चूक आठ होती आणि पूर्ण दिवसाची तेरा निघाली. म्हणजे सहानंतर काहीतरी बिघडले असणार. संध्याकाळच्या गर्दीने मॉडेल कोलमडले का?

मंदाकिनी (गुरुवार, सकाळी ७:५०)

गर्दीचा वाटा थोडा असेलही, पण त्याआधी सहाचा आकडा कसा मोजला ते पाहायला हवे. सहाला तुम्ही ‘पोहोचलेल्या ऑर्डरींची सरासरी चूक’ काढता. साडेचार ते सहा या वेळात आलेल्या ऑर्डरींपैकी सहापर्यंत पोहोचतात त्या जलद ऑर्डरी. ज्यांचा रायडर अजून पवईच्या पाण्यात उभा आहे, त्या हिशेबात नाहीतच, आणि मॉडेल सर्वांत जास्त चुकते ते नेमके त्यांच्या बाबतीत. त्यामुळे चालू दिवसाचा आकडा नेहमीच गोड दिसतो, आणि पाऊस जितका जोराचा तितका जास्त गोड.

यावर आम्ही दोन गोष्टी करतो. हिशेब पोहोचण्याच्या वेळेने न करता ऑर्डर आल्याच्या वेळेने करतो: एक ते दोनमध्ये आलेल्या सर्व ऑर्डरींचा एक गट, आणि तो तीन तासांनी बंद करायचा. तोवर त्या गटाची चूक फलकावर दाखवायचीच नाही. दुसरे, तातडीने थांबण्यासाठी सरासरी चूक उपयोगाची नाही, तिथे न पोहोचलेल्या ऑर्डरी मोजाव्यात. वचनाची वेळ उलटून वीस मिनिटे झाली आणि ऑर्डर अजून वाटेत आहे, हे कळायला ती पोहोचण्याची गरज नसते. हे प्रमाण नव्या मॉडेलच्या ऑर्डरींमध्ये जुन्याहून ठरावीक पटीने वाढले की कॅनरी आपोआप बंद व्हावी.

रिट्रेन करतानाही हीच काळजी घ्या. डेटा रात्री बाराला उचलला आणि फक्त पोहोचलेल्या ऑर्डरी घेतल्या, तर शेवटच्या दोन-तीन तासांतल्या संथ ऑर्डरी गळतात आणि मॉडेल थोडे आशावादी होते.

परळ_डेपो (गुरुवार, दुपारी १२:२०)

मी रायडरांच्या बाजूने आठ वर्षे काम केले आहे, म्हणून वेगळाच मुद्दा मांडतो. तुम्ही दहा टक्के ऑर्डरी कशा निवडल्या? ऑर्डर क्रमांकावरून सरसकट निवडल्या असतील, तर एकाच रायडरच्या बॅगेत तीन ऑर्डरी जुन्या मॉडेलच्या आणि एक नव्याची असे होते. रायडर कोणाकडे आधी जातो? ज्याचे वचन आधी संपते त्याच्याकडे. म्हणजे एका मॉडेलने वेळ कमी सांगितली की ती ऑर्डर पुढे सरकते आणि दुसऱ्या मॉडेलच्या ऑर्डरी मागे पडतात. नवे मॉडेल चुकीचे वचन देऊनही चांगले दिसू शकते, आणि त्याचा भुर्दंड जुन्या मॉडेलच्या खात्यावर पडतो. मॉडेल इथे बाहेरून निरीक्षण करत नाही, त्याच्या आकड्याने रस्त्यावरचा क्रमच बदलतो. माझे मत विचाराल तर एक संपूर्ण गोदाम नव्या मॉडेलला द्यावे.

मंदाकिनी (गुरुवार, दुपारी २:००)

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता आणि तो फार मोलाचा आहे. यामुळे खऱ्या शॅडोचीही मर्यादा दिसते: शॅडोतल्या मॉडेलचा आकडा कोणालाच दिसत नसल्यामुळे त्याचा रायडरांच्या क्रमावर काय परिणाम होईल हे तिथे कळणारच नाही.

पण एक गोदाम देण्याशी मी सहमत नाही. भांडुपला कोसळत असताना परळला ऊन असू शकते, मग तुलना मॉडेलांची होईल की पावसाची? त्यापेक्षा त्याच गोदामात तीन-तीन तासांनी मॉडेल आलटून-पालटून ठेवावे, आणि बदलानंतरचा पहिला अर्धा तास हिशेबातून वगळावा, कारण तेव्हा बॅगेत दोन्हींच्या ऑर्डरी असतात.

परळ_डेपो (गुरुवार, दुपारी ३:३०)

आलटून-पालटून ठेवले तर एका ग्राहकाला दुपारी ३० मिनिटे आणि संध्याकाळी त्याच औषधाला ५५ मिनिटे सांगितली जातील, आणि रायडरांनाही आपला दिवस कसा लावावा हे कळणार नाही. गणिताला सोयीचे असले तरी गोदामात ते चालवणाऱ्या माणसाला विचारून मगच करा, एवढेच म्हणेन.

नव्याने_शिकतोय (गुरुवार, रात्री ९:००)

एक लहानसा प्रश्न: रोलबॅक करताना फक्त मॉडेलची फाइल मागे घेतली की फीचर काढणारा कोडही?

मुलुंडकर (गुरुवार, रात्री ९:२५)

प्रश्न लहान नाही. फक्त फाइल मागे घेतली होती. तुमचे वाचून तपासले, तर नव्या मॉडेलसाठी अंतर मोजण्याची पद्धत बदलली होती, पूर्वी सरळ रेषेत आणि आता रस्त्याने, आणि शुक्रवारपासून जुने मॉडेल रस्त्याच्या अंतरावर चालत होते. आज दुपारी दुरुस्त केले. म्हणजे सहा दिवस ‘जुने मॉडेल’ म्हणून आम्ही जे पाहत होतो ते खरे जुने मॉडेल नव्हतेच. यापुढे मॉडेल आणि त्याचा फीचर कोड एकाच आवृत्ती क्रमांकाखाली ठेवतो आहोत, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत तो क्रमांक येईल.

मुलुंडकर (तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ११:१०)

काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे. पावसाच्या तक्त्यात प्रत्येक आकडा आमच्याकडे केव्हा आला तो `available_at` हा रकाना आम्ही भरला आणि जोडणी अशी बदलली:

```
AND r.available_at = (
  SELECT max(x.available_at) FROM rain_hourly x
  WHERE x.zone = o.zone
    AND x.available_at <= o.created_at)
```

तासाऐवजी पंधरा मिनिटांचा पाऊसही घेतला. पुन्हा शिकवल्यावर कागदावरची चूक सातवरून नऊवर आली. कार्यालयात यावर बरीच नाराजी होती, कारण सर्वांना सात पाहायची सवय झाली होती. मग खरी शॅडो चालवली, ऑर्डर आली त्याच क्षणी, वीस टक्के ऑर्डरींवर, दहा दिवस. तिथेही चूक नऊच्या आसपास राहिली. कागद आणि रस्ता प्रथमच जुळले, आणि मला त्या नऊचे सातपेक्षा जास्त समाधान आहे.

कॅनरी परळ_डेपो यांच्या सूचनेनुसार फक्त भांडुपला सुरू केली, कारण तिथल्या व्यवस्थापकांनी आलटून-पालटून ठेवायला स्पष्ट नकार दिला. मंदाकिनीताईंचा आक्षेप मला अजूनही बरोबर वाटतो, म्हणून तुलना दुसऱ्या गोदामाशी न करता भांडुपच्याच त्या ऑर्डरींवर जुन्या मॉडेलने शॅडोत काय सांगितले असते याच्याशी करतो. हीही पूर्ण न्याय्य नाही. वीस मिनिटांहून जास्त उशीर झालेल्या ऑर्डरी शंभरात अकरावरून सातवर आल्या आहेत. मध्ये एका दुपारी मोठ्या भरतीच्या वेळी ते प्रमाण वाढून कॅनरी आपोआप बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी हाताने सुरू करावी लागली. भरतीची वेळ आता फीचर म्हणून घेत आहोत. ती आधीच ठाऊक असते, त्यामुळे तिथे उद्याचा पेपर फुटण्याची भीती नाही.

शून्यान्तर (शनिवार, दुपारी १२:००)

अभिनंदन. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर काय करणार? हे मॉडेल पावसाळ्यावरच शिकले आहे, तेव्हा कोरड्या दिवसांत जुनेच परत आणणार का?

मंदाकिनी (शनिवार, दुपारी १:४०)

माझ्या मते दोन मॉडेले ठेवू नयेत. दोन वर्षांचा डेटा एकत्र करून एकच शिकवावे, म्हणजे कोणत्या दिवशी बदलायचे हा प्रश्नच उरत नाही. नोव्हेंबरमधला अवकाळी पाऊस दिनदर्शिका पाहून येत नाही.

परळ_डेपो (शनिवार, दुपारी २:१५)

पण दोन वर्षांपूर्वीचे रस्ते आज नाहीत. मेट्रोच्या कामासाठी अडवलेले रस्ते तेव्हा बंद होते, आता खुले आहेत. तो डेटा घेतला तर मॉडेल बुजलेल्या खड्ड्यांना वळसा घालेल.

मुलुंडकर (शनिवार, सायंकाळी ५:३०)

दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे सप्टेंबरअखेर निर्णय न घेता दोन्ही प्रकारची मॉडेले शॅडोत उभी करणार आहे. जुने मॉडेल त्याच्या जुन्या, सरळ रेषेच्या अंतरासह तिसरे म्हणून राहील. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे झाले की तिन्हींचे आकडे याच धाग्यावर टाकतो.